एकच माग, दोन नफे : घसाऱ्याची पद्धत बदलली की नफा कसा बदलतो?

धंदा तोच, माग तेच, कापडाचे मीटर तेवढेच आणि बँकेत जमा झालेला पैसाही सारखाच. तरी एका हिशेबात वर्षाचा नफा १०.२० लाख दिसतो आणि दुसऱ्यात ३.१४ लाख. दोन्ही हिशेब बरोबर असतात, कुणीही काही लपवलेलं नसतं. फरक पडतो तो घसारा मोजण्याच्या पद्धतीमुळे.

हातकणंगले तालुक्यात हा विषय घरोघरचा आहे. इचलकरंजीचे यंत्रमाग याच तालुक्यातले आणि शिरोली एमआयडीसीतले कारखानेही. इथल्या बहुतेक धंद्यांत सगळ्यात मोठा खर्च यंत्रांवर होतो. त्यामुळे घसारा कसा मोजला, यावर ताळेबंदातला नफा बराच अवलंबून राहतो. भागीदारी मोडताना, चालता कारखाना विकत घेताना किंवा एखाद्या कंपनीचा शेअर घेताना हा फरक माहीत नसेल, तर लाखो रुपयांचा अंदाज चुकू शकतो.

## घसारा म्हणजे नेमकं काय?

समजा, एका कारखानदाराने ६० लाखांचे रेपियर माग घेतले. हे ६० लाख पहिल्याच वर्षाच्या खर्चात टाकले तर त्या वर्षी प्रचंड तोटा दिसेल. पुढे माग फुकटात चालतात असं वाटेल आणि नफा अवाच्या सवा दिसेल. दोन्ही चित्रं खोटी. माग पंधरा वर्षं कापड विणणार असतील, तर त्यांची किंमतही त्या पंधरा वर्षांवर वाटली गेली पाहिजे. दरवर्षी खर्च म्हणून दाखवलेला हा वाटा म्हणजे घसारा.

इथे दोन गैरसमज आधीच दूर केलेले बरे. पहिला म्हणजे घसाऱ्याचे पैसे कुणाला द्यावे लागत नाहीत. माग घेतानाच पैसे गेलेले असतात, घसारा ही फक्त वहीतली नोंद असते. दुसरा म्हणजे घसारा वजा करून उरलेली ‘पुस्तकी किंमत’ ही बाजारभाव नसते. ती फक्त अजून खर्चात न टाकलेली रक्कम असते. इचलकरंजीत कित्येक दशकांपूर्वीचे साधे माग आजही खडखडत चालतात. वहीत त्यांची किंमत जवळपास शून्य असली, तरी कापड विणायचं ते थांबलेले नाहीत.

घसारा मोजायला तीन आकडे लागतात : यंत्राची मूळ किंमत, ते किती वर्षं उपयोगी पडेल याचा अंदाज, आणि शेवटी मोडीत किती मिळतील याचा अंदाज. पहिला आकडा बिलावर असतो. बाकीचे दोन माणसाने ठरवलेले असतात.

कंपनी कायदा, २०१३ च्या अनुसूची २ मध्ये सर्वसाधारण यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं धरलं आहे. अवशेष मूल्य, म्हणजे मोडीची किंमत, साधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त धरू नये असंही त्यात आहे. भागीदारी पेढीला हे बंधन नसलं, तरी उदाहरणासाठी हेच आकडे सोयीचे आहेत. म्हणजे ६० लाखांपैकी ३ लाख मोडीचे, आणि १५ वर्षांत खर्चात टाकायचे ५७ लाख.

## पहिली पद्धत : स्थिर हप्ता

हिला सरळ रेषा पद्धत असंही म्हणतात. सीएच्या ऑफिसात ‘एसएलएम’ म्हणतात. ५७ लाखांचे १५ समान भाग केले की दरवर्षीचा घसारा ३.८० लाख येतो. पहिल्या वर्षी तेवढाच आणि पंधराव्या वर्षीही तेवढाच.

या पद्धतीमागचं गृहीत असं, की यंत्र दरवर्षी साधारण सारखंच काम देतं. गोदामाची इमारत, लोखंडी शेड, ऑफिसातलं फर्निचर यांना हे गृहीत छान लागू पडतं.

## दुसरी पद्धत : घटती शिल्लक

हिला ऱ्हासमान शेष पद्धतही म्हणतात, आणि ऑफिसातला शब्द ‘डब्ल्यूडीव्ही’. इथे टक्का ठरलेला असतो, पण तो दरवर्षी मूळ किमतीवर न लावता मागच्या वर्षाअखेर उरलेल्या किमतीवर लावतात. किंमत कमी होत जाते, म्हणून घसाराही कमी होत जातो.

टक्का असा निवडावा लागतो, की १५ वर्षांनी बरोबर ३ लाख उरावेत. एक्सेलमध्ये तो एका ओळीत निघतो :

```
=1-(300000/6000000)^(1/15)
```

उत्तर येतं ०.१८१, म्हणजे १८.१ टक्के. पहिल्या वर्षी ६० लाखांचे १८.१ टक्के म्हणजे १०.८६ लाख घसारा. उरले ४९.१४ लाख. दुसऱ्या वर्षी त्यांचे १८.१ टक्के म्हणजे ८.८९ लाख. असंच पुढे.

यामागचा विचारही व्यवहारी आहे. नवं यंत्र सुरुवातीच्या वर्षांत झपाट्याने किंमत गमावतं, कारण त्याहून वेगवान यंत्र बाजारात येतं. शिवाय यंत्र जुनं होईल तसा दुरुस्ती आणि सुट्या भागांचा खर्च वाढतो. सुरुवातीला घसारा जास्त आणि दुरुस्ती कमी, नंतर घसारा कमी आणि दुरुस्ती जास्त. दोन्हींची बेरीज मिळून यंत्राचा वर्षाचा भार थोडाफार समान राहतो.

## पंधरा वर्षांचा हिशेब शेजारी शेजारी

आता समजा, सूत, मजुरी, वीज, व्याज असा सगळा खर्च जाऊन, पण घसारा आणि टॅक्स वजा करण्यापूर्वी, या कारखान्यात दरवर्षी १४ लाख उरतात. धंदा वाढत नाही आणि घटतही नाही. दुरुस्तीचा खर्चही सोयीसाठी कायम धरला आहे. सगळे आकडे लाख रुपयांत :

| वर्ष | घसारा : स्थिर हप्ता | नफा : स्थिर हप्ता | घसारा : घटती शिल्लक | नफा : घटती शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | ३.८० | १०.२० | १०.८६ | ३.१४ |
| २ | ३.८० | १०.२० | ८.८९ | ५.११ |
| ३ | ३.८० | १०.२० | ७.२८ | ६.७२ |
| ५ | ३.८० | १०.२० | ४.८९ | ९.११ |
| ६ | ३.८० | १०.२० | ४.०० | १०.०० |
| ७ | ३.८० | १०.२० | ३.२८ | १०.७२ |
| १० | ३.८० | १०.२० | १.८० | १२.२० |
| १५ | ३.८० | १०.२० | ०.६६ | १३.३४ |

सहाव्या वर्षापर्यंत स्थिर हप्त्याचा नफा जास्त दिसतो. सातव्या वर्षी पारडं फिरतं आणि तिथून पुढे घटत्या शिल्लकेचा नफा जास्त. पंधरा वर्षांची बेरीज केली, तर दोन्हीकडे एकूण घसारा ५७ लाख आणि एकूण नफा १५३ लाख. पद्धतीमुळे एकूण नफा बदलत नाही. तो कोणत्या वर्षी दिसणार, एवढंच बदलतं.

शेवटचा रकाना पुन्हा पाहण्यासारखा आहे. ३.१४ वरून १३.३४ लाख, म्हणजे नफा चौपटीहून वाढला. कुणालाही वाटेल की धंदा जोरात आहे. प्रत्यक्षात कापड एक मीटरही जास्त विणलं गेलेलं नाही. ही वाढ फक्त घसारा आटत गेल्याने आली. घटती शिल्लक वापरणाऱ्या कारखान्याने बरीच वर्षं नवी यंत्रं घेतली नसतील, तर त्याचा नफा आपोआप फुगत जातो. नवी यंत्रं घ्यायची वेळ आली की तोच नफा एका वर्षात कोसळतो.

स्थिर हप्त्यातही एक धोका आहे. तिथे नफा सपाट दिसतो, पण जुन्या यंत्रांची दुरुस्ती वाढली की शेवटच्या वर्षांत घसारा तेवढाच राहून वर दुरुस्तीचा बोजा येतो. मग नफा उतरणीला लागतो.

## माग मध्येच विकले तर?

घसारा हा अंदाज असतो. तो बरोबर होता की नाही, हे यंत्र विकताना कळतं. समजा, पाच वर्षांनी एअरजेट माग घ्यायचे ठरले आणि हे रेपियर २५ लाखांना विकले.

स्थिर हप्त्याने पाच वर्षांत १९ लाख घसारा झाला, म्हणून पुस्तकी किंमत ४१ लाख उरली. २५ लाखांना विकल्यावर १६ लाखांचा तोटा एकाच वर्षात दाखवावा लागतो. घटत्या शिल्लकेने पुस्तकी किंमत २२.११ लाखांवर आलेली असते, म्हणून तिथे उलट २.८९ लाखांचा फायदा दिसतो.

पण खरा खर्च दोन्हीकडे एकच आहे. ६० लाखांना घेतलं, २५ लाखांना विकलं, म्हणजे पाच वर्षांत ३५ लाख गेले. स्थिर हप्त्यात ते १९ अधिक १६ असे दिसले, घटत्या शिल्लकेत ३७.८९ वजा २.८९ असे. पहिल्या हिशेबात आधीच्या पाच वर्षांचा नफा जास्त दाखवला गेला होता, त्याचं बिल शेवटी एकदम आलं. एखादा कारखाना यंत्रं विकताना दर वेळी मोठा तोटा दाखवत असेल, तर घसारा कमी मोजला जातोय असं समजावं. दर वेळी फायदा होत असेल, तर घसारा जास्त मोजला जातोय.

## भागीदार वेगळा होताना खरी कसोटी

दोन भावांची भागीदारी आहे, निम्मी-निम्मी. तीन वर्षांनी धाकटा म्हणतो, माझा हिस्सा द्या. पेढीच्या वहीत त्याच्या भांडवल खात्यावर जी रक्कम दिसते, ती घसाऱ्याच्या पद्धतीवर ठरते.

तीन वर्षांत स्थिर हप्त्याने एकूण ११.४० लाख घसारा लागला असता, घटत्या शिल्लकेने २७.०४ लाख. फरक १५.६४ लाखांचा. उचल दोन्ही हिशेबांत सारखीच धरली, तर प्रत्येक भावाच्या खात्यावर ७.८२ लाखांचा फरक पडतो. घटती शिल्लक लावलेली असेल, तर बाहेर पडणारा भाऊ तेवढी रक्कम कमी घेऊन जातो. पुढच्या वर्षांत घसारा कमी झाल्याने वाढणारा नफा मात्र राहणाऱ्या भावाला मिळतो. स्थिर हप्ता असेल आणि यंत्रांचा बाजारभाव पडलेला असेल, तर राहणारा भाऊ जास्त किंमत मोजतो.

यावर हिशेबशास्त्रात जुना उपाय आहे : पुनर्मूल्यांकन. भागीदार निवृत्त होताना यंत्रं, जागा, माल यांची त्या दिवशीची खरी किंमत काढायची आणि फरक सगळ्या भागीदारांत त्यांच्या नफ्याच्या प्रमाणात वाटायचा. यंत्रांची किंमत त्या व्यवहारातल्या जाणकार मूल्यांकनकर्त्याकडून काढली, की घसाऱ्याची पद्धत कोणती होती हा प्रश्नच उरत नाही. म्हणून भागीदारीच्या करारपत्रात हिस्सा ‘पुस्तकी किमतीने’ द्यायचा की ‘पुनर्मूल्यांकन करून’, हे पहिल्याच दिवशी लिहिलेलं असावं. करारात नुसती पुस्तकी किंमत लिहून ठेवलेली असेल, तर वाद कुठून सुरू होणार हे वरच्या आकड्यांवरून दिसतंच.

## जास्त नफा दाखवला तर टॅक्स जास्त लागतो का?

लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. वहीत स्थिर हप्ता वापरला म्हणून प्राप्तिकर वाढत नाही. प्राप्तिकर खातं घसाऱ्याचा हिशेब स्वतःच्या नियमाने करतं. तिथे सर्वसाधारण यंत्रसामग्रीला घटत्या शिल्लकेने १५ टक्के दर आहे, वहीत काहीही लिहिलेलं असो. वीजनिर्मिती आणि वितरण करणाऱ्या उद्योगांना मात्र स्थिर हप्त्याचा पर्याय दिलेला आहे.

आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी प्राप्तिकराचा घसारा ६० लाखांचे १५ टक्के, म्हणजे ९ लाख. करपात्र नफा १४ वजा ९, म्हणजे ५ लाख. भागीदारी पेढीला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के धरले, तर कर होतो १.५६ लाख. भागीदारांचं वेतन आणि नव्या यंत्रावरचा जादा घसारा यांसारख्या गोष्टी सोयीसाठी बाजूला ठेवल्या आहेत. वहीत नफा १०.२० लाख दिसो की ३.१४ लाख, कर एवढाच.

पण वहीतल्या १०.२० लाखांवर त्याच दराने कर काढला, तर तो ३.१८ लाख येतो. मधला १.६२ लाखांचा फरक माफ झालेला नसतो, फक्त पुढे ढकललेला असतो. पुढच्या वर्षांत प्राप्तिकराचा घसारा कमी होईल आणि तेव्हा तो भरावा लागेल. म्हणून ताळेबंदात तो ‘डिफर्ड टॅक्स’ या नावाने देणं म्हणून दाखवतात. तो न दाखवता सगळा नफा वाटून टाकला, की पुढे कराच्या वेळी हात आखडतो.

प्राप्तिकरात आणखी एक अट आहे. यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांहून कमी वापरलं गेलं, तर पहिल्या वर्षी निम्माच दर मिळतो. दिवाळीच्या पाडव्याला सुरू केलेल्या मागांना त्या वर्षी १५ ऐवजी ७.५ टक्के, म्हणजे ९ लाखांऐवजी ४.५० लाख. सप्टेंबरमध्ये पूजा करून ठेवले पण प्रत्यक्ष कापड नोव्हेंबरमध्ये विणलं, तर तेही चालत नाही. पूजेची तारीख धरत नाहीत, यंत्र वापरात आल्याची धरतात.

इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या लहान पेढ्या बहुधा वहीतही प्राप्तिकराचाच दर लावतात. एकच तक्ता सांभाळावा लागतो, म्हणून ते सोपं पडतं. मात्र मग वहीतला नफा हा कराच्या नियमाने आलेला असतो. माग प्रत्यक्षात किती झिजले, हे त्यातून कळतंच असं नाही.

## बँकवाला कुठला आकडा पाहतो?

कर्जाचा हप्ता नफ्यातून दिला जात नाही, पैशातून दिला जातो. म्हणून बँक नफ्यात घसारा पुन्हा मिळवून रोख जमा किती, हे काढते. १०.२० अधिक ३.८० म्हणजे १४ लाख, ३.१४ अधिक १०.८६ म्हणजेही १४ लाख. कर दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे नफा जास्त दिसावा म्हणून पद्धत निवडली, तरी हप्ता फेडायची ताकद वाढलेली दिसत नाही.

## पद्धत मध्येच बदलता येते का?

येते, पण मनाला येईल तशी नाही. यंत्राचा उपयोग ज्या प्रकारे होतोय, त्यात बदल झाला असेल तर पद्धत बदलता येते. २०१६ मध्ये सुधारलेल्या लेखा मानक १० नुसार हा अंदाजातला बदल मानतात. जुने हिशेब उकरायचे नाहीत, उरलेली किंमत नव्या पद्धतीने पुढच्या वर्षांवर वाटायची आणि बदल झाल्याचं टिपेत सांगायचं. त्याआधीच्या नियमात सगळा घसारा सुरुवातीपासून नव्याने मोजावा लागे.

समजा, तीन वर्षं घटती शिल्लक लावून चौथ्या वर्षी स्थिर हप्ता घेतला. तेव्हा पुस्तकी किंमत ३२.९६ लाख. मोडीचे ३ लाख वजा करून उरलेले २९.९६ लाख बारा वर्षांवर वाटले, की घसारा २.५० लाख होतो. जुन्या पद्धतीने तो ५.९७ लाख झाला असता. म्हणजे एका ओळीच्या निर्णयाने त्या वर्षीचा नफा जवळपास साडेतीन लाखांनी वाढला.

एक मुद्दा पाळ्यांचा. १५ वर्षांचं आयुष्य एका पाळीवर धरलेलं आहे. कंपनी दोन पाळ्या चालवत असेल, तर तेवढ्या काळासाठी घसारा ५० टक्क्यांनी वाढतो आणि तीन पाळ्यांना १०० टक्क्यांनी, असं अनुसूची २ सांगते. रात्रंदिवस चालणाऱ्या मागांना ३.८० ऐवजी ७.६० लाख घसारा लागू शकतो. तीन पाळ्या चालवून घसारा एकाच पाळीचा लावला असेल, तर दिसणारा नफा फुगलेला आहे.

## ताळेबंद हातात आल्यावर कुठे पाहावं?

आधी हिशेबाच्या धोरणांची टीप वाचावी. पद्धत कोणती आणि आयुष्य किती वर्षं धरलंय, हे तिथे लिहिलेलं असतं. दोन कारखान्यांची तुलना करायची असेल आणि पद्धती वेगळ्या असतील, तर निव्वळ नफा शेजारी ठेवू नये. दोन्हींत घसारा परत मिळवून मग तुलना करावी.

मग स्थिर मालमत्तेच्या तक्त्यात यंत्रांची मूळ किंमत आणि त्यावर आजवर झालेला घसारा पाहावा. ६० लाखांच्या यंत्रांवर ५० लाख घसारा होऊन गेलेला असेल, तर घटत्या शिल्लकेत नफा भरघोस दिसणारच. पण यंत्रं म्हातारी झाली आहेत आणि नव्यांचा खर्च दारात उभा आहे, हेही तोच तक्ता सांगतो. असा कारखाना विकत घेणाऱ्याने मागच्या तीन वर्षांच्या चढत्या नफ्यावर किंमत ठरवली, तर विकणाऱ्याचा फायदा होतो. नव्या यंत्रांचा घसारा धरून नफा पुन्हा मांडला, की त्या धंद्यात दरवर्षी खरोखर किती उरेल ते कळतं.